विंकलर पद्धतीने विरघळलेला ऑक्सिजन: आकडा संपृक्ततेच्या वर कसा गेला?

पाणवठा_११
बी.एस्सी.च्या पाणी परीक्षणाच्या प्रात्यक्षिकात अडकलोय. पुण्यातल्या कॉलेजच्या आवारातल्या तळ्याचं पाणी घेतलं, सकाळी साडेअकराला, तापमान २७ अंश. ३०० मिलीच्या बीओडी बाटल्या. मँगनस सल्फेट २ मिली, अल्कली-आयोडाइड-अझाइड २ मिली, तपकिरी साका बसल्यावर संहत सल्फ्युरिक २ मिली. मग २०३ मिली काढून थायोसल्फेटने टायट्रेशन. ब्युरेट रीडिंग ९.३, ९.४, ९.३. थायोसल्फेटच्या बाटलीवर ०.०२५ N लिहिलेलं, म्हणून डीओ ९.३ मिग्रॅ/लिटर लिहिला.

सरांनी जर्नल परत दिलं. म्हणाले, तक्त्यात २७ अंशाला संपृक्तता ७.९७ आहे, तुझा ९.३ आला कुठून? शिवाय २०३ का, सरळ २०० का नाही, हे मलाच कळलेलं नाही. कृती आणि गणित कुणी क्रमाने सांगेल का?

मीठभाकर
आयोडीनसाठी एवढा खटाटोप कशाला? मिठावर किटमधल्या द्रावणाचा थेंब टाकायचा, निळं झालं की आयोडीन आहे.

जुना_ब्युरेट
मीठभाकर, ते आयोडीनयुक्त मिठाचं. इथे पाण्यात आयोडीन शोधायचंच नाहीये. जेवढा ऑक्सिजन असेल तेवढं आयोडीन आपणच बाटलीत तयार करायचं आणि ते मोजायचं. (मिठातलं आयोडेट प्रयोगशाळेत मोजतात तेही शेवटी थायोसल्फेट आणि स्टार्चनेच, त्यामुळे तुम्ही अगदीच परक्या घरात शिरला नाहीत.)

पाणवठा, ही पद्धत लायोश विंकलरने १८८८ मध्ये दिली. अझाइड नंतर जोडलं गेलं. गणिताआधी बाटलीकडे बघू, कारण उत्तर बरं-वाईट ठरतं ते बहुतेक बाटलीतच. ब्युरेटपर्यंत यायच्या आधी.

बाटली भरताना रबरी नळी तळापर्यंत घाला. पाणी खालून शांतपणे चढू द्या आणि तोंडावरून वाहू द्या, निदान दोन-तीन बाटल्यांएवढं. मग नळी हळू बाहेर काढा आणि काचेचं बूच तिरकं आत सरकवा, म्हणजे खाली हवा अडकत नाही. बाटली उलटी करून उजेडात बघा. बुडबुडा दिसला तर ओता आणि पुन्हा भरा.

आता बूच काढा. आधी मँगनस सल्फेट, मगच अल्कली-आयोडाइड. दोन्ही वेळा पिपेटचं टोक पाण्याच्या पृष्ठभागाखाली ठेवायचं. ही द्रावणं जड असतात, आपोआप खाली जातात आणि वरचं तेवढंच पाणी बाहेर सांडतं. बूच लावून पंधरा-वीस वेळा उलटीसुलटी करा. साका अर्ध्यापर्यंत बसला की पुन्हा एकदा करा. पहिल्या वेळेला तळाचा ऑक्सिजन सगळ्या मँगनीजपर्यंत पोचलेला नसतो.

साक्याचा रंग नीट बघा. पांढराच राहिला तर पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नाही. फिकट बदामी म्हणजे थोडा, गडद तपकिरी म्हणजे भरपूर. वर निदान १०० मिली नितळ पाणी दिसू लागलं की बूच काढून २ मिली संहत सल्फ्युरिक मानेच्या काचेवरून सोडा, बूच लावा, हलवा. साका पूर्ण विरघळून सोनेरी पिवळं-तपकिरी पाणी झालं पाहिजे. तळाशी कण राहिले तर अजून थोडं आम्ल. हातमोजे घाला, कारण या वेळी बुचाखालून आम्लाचे थेंब बाहेर येतातच.

सोनचाफा
मला वाटतं कारण सरळ आहे. पाण्यात संपृक्ततेपेक्षा जास्त ऑक्सिजन राहूच शकत नाही. म्हणजे ९.३ आला याचा अर्थ बाटलीत बुडबुडा होता. आणि स्टार्च आधीच टाकत जा, निळा रंग पहिल्यापासून दिसतो, टायट्रेशन सोपं जातं.

जुना_ब्युरेट
सोनचाफा, बुडबुड्याची शंका रास्त आहे. बाकी दोन्ही गोष्टी मान्य नाहीत.

भर दुपारी शेवाळाने हिरव्या झालेल्या तळ्यात ऑक्सिजन संपृक्ततेच्या वर जातो. प्रकाशसंश्लेषणाने तो पाण्यातच तयार होतो आणि हवेत निसटायला वेळ लागतो. तक्ता सांगतो हवेशी समतोल झालेल्या पाण्याचा आकडा. पाणी त्या समतोलाला पोचलंच असेल असं नाही.

स्टार्चचं म्हणाल तर आयोडीन भरपूर असताना तो टाकला की दोघं घट्ट धरून बसतात. निळ्या-काळ्या गुठळ्या होतात आणि शेवटी आयोडीन हळूहळू सुटतं. टोकबिंदू ताणला जातो. म्हणून आधी थायोसल्फेट सोडत सोडत द्रावण गवताच्या काडीसारखं फिकट पिवळं होऊ द्यायचं, मग स्टार्चचे एक-दोन मिली. निळं झालं की थेंब थेंब, आणि निळा रंग पहिल्यांदा गेला तिथे थांबायचं.

पाणवठा, मला तीन गोष्टी सांगा. थायोसल्फेट कधी बनवलं? तीन रीडिंग एका बाटलीची की तीन बाटल्यांची? निळा रंग गेल्यावर परत येत होता का?

पाणवठा_११
१) थायोसल्फेट मागच्या सत्रातलं. कपाटात होतं, लेबल ०.०२५ N.
२) तीन बाटल्या. तिन्ही एकाच बादलीतून भरल्या.
३) रंग लगेच परत आला नाही. चार-पाच मिनिटांनी फिकट निळसर झाला, ते आम्ही मोजलं नाही.

एका बाटलीत मानेजवळ छोटा बुडबुडा होता. मुगाच्या दाण्याएवढा.

ब्युरेटवाली
तिसऱ्या उत्तराचं आधी. निळा रंग अर्ध्या मिनिटात परत येत असता तर नायट्राइटचा संशय घ्यावा लागला असता. नायट्राइट आम्लात आयोडाइडचं आयोडीन करतं, आणि स्वतः हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा उभं राहतं, त्यामुळे रंग परत परत येत राहतो. ते मोडायलाच अझाइड असतं. चार-पाच मिनिटांनी येणारी निळसर झाक हवेमुळे येते, ती सोडून द्यायची हे बरोबर केलंत.

बुडबुड्याचा हिशेब बघा. १ मिली हवेत ०.२१ मिली ऑक्सिजन. पुण्याच्या दाबाला आणि २७ अंशाला त्याचं वजन साधारण ०.२५ मिग्रॅ. तो सगळा ३०० मिली पाण्यात बांधला गेला तर डीओ सुमारे ०.८५ मिग्रॅ/लिटरने फुगतो. पण १ मिलीचा बुडबुडा म्हणजे भिजलेल्या हरभऱ्याएवढा, सव्वा सेंटीमीटर व्यासाचा. मुगाएवढा चार मिलिमीटरचा बुडबुडा ०.०३ मिली भरतो, त्याने फार तर ०.०३ मिग्रॅ/लिटर वाढेल. ब्युरेटवर दिसणारही नाही.

शिवाय तीन वेगळ्या बाटल्यांची रीडिंग ०.१ मिलीच्या आत आहेत. बुडबुड्याची चूक असती तर ती दर वेळी वेगळी आली असती. तिन्हीला सारखीच वाढवणारी एकच गोष्ट तिन्ही बाटल्यांत समान आहे, ती म्हणजे तुमचं थायोसल्फेट.

जुना_ब्युरेट
अगदी. मागच्या सत्रातलं द्रावण आणि वर त्याच वेळचं लेबल! थायोसल्फेट जिवाणूंमुळे आणि पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे कमजोर होत जातं, बाटलीत पिवळट-पांढरी गंधकाची धूळ दिसते. ताकद कमी झाली की तेवढ्याच आयोडीनला जास्त मिली लागतात, आणि आपण जुनंच ०.०२५ धरतो म्हणून डीओ फुगतो.

नवं बनवायचं तर ६.२०५ ग्रॅम सोडियम थायोसल्फेट पेंटाहायड्रेट, उकळून गार केलेल्या ऊर्ध्वपातित पाण्यात १ लिटर, सोबत ०.४ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड. हे नवं असलं तरी प्रमाणीकरण करावंच लागतं, कारण थायोसल्फेटचे स्फटिक वजनावर विश्वास ठेवण्याजोगे नसतात.

पोटॅशियम डायक्रोमेट मात्र वजनावर चालतं. १०५ अंशावर सुकवलेलं १.२२६ ग्रॅम घेऊन १ लिटर केलं की बरोबर ०.०२५ N. कॉनिकल फ्लास्कमध्ये १०० मिली पाणी, २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, १ मिली संहत सल्फ्युरिक, मग पिपेटने २० मिली डायक्रोमेट. झाकून अंधारात पाच मिनिटं. पाणी घालून साधारण २०० मिली करा आणि थायोसल्फेटने टायट्रेट करा. फिकट पिवळं झालं की स्टार्च. इथे शेवट रंगहीन होत नाही, निळ्याचा फिकट हिरवा होतो. तो हिरवा क्रोमियमचा. तो जाईल म्हणून पुढे ओतत राहणारे दर वर्षी दोन-चार सापडतात.

कोळंबी_रायगड
विषयाला जोडूनच विचारतो. कोळंबीच्या तळ्यावर थेंबांचं किट वापरतो. त्यातही आधी पांढरा, मग तपकिरी गाळ, मग आम्ल आणि थेंब मोजायचे. ते हेच का? आणि खाऱ्या पाण्यात चालतं का? पहाटे पाचला ३ येतो आणि दुपारी ९, तर किट खराब आहे का?

ब्युरेटवाली
किटमधली ती पद्धत हीच, मोजमाप ठोकळ. खाऱ्या पाण्यातही चालते, फक्त तक्ता खाऱ्या पाण्याचा बघायचा. त्याच तापमानाला खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो.

पहाटे ३ आणि दुपारी ९ हे किटचं नव्हे, तळ्याचं लक्षण आहे. रात्रभर शेवाळ, कोळंबी आणि तळाचा गाळ सगळेच ऑक्सिजन खातात, बनवत कुणीच नाही. पहाटेचा आकडाच तुमचा खरा आकडा, एअरेटर त्यावर ठरवा.

पाणवठा_११
प्रमाणीकरण केलं. २० मिली डायक्रोमेटला थायोसल्फेट २२.४, २२.४, २२.५ मिली लागलं. आता काय करू?

ब्युरेटवाली
२२.४ धरू. दुरुस्त ताकद:

```
N = (20 × 0.025) / 22.4 = 0.0223
```

म्हणजे लेबलापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त कमजोर. आता डीओ:

```
DO (mg/L) = V × N × 8 × 1000 / 200
          = 9.33 × 0.0223 × 8000 / 200
          = 8.3
```

यातला ८ म्हणजे ऑक्सिजनचं सममूल्य वजन. ऑक्सिजनचा एक रेणू दोन आयोडीन देतो आणि त्यांना चार थायोसल्फेट लागतात. ३२ भागिले ४, आठ.

२०३ चं कारण असं. बाटलीत ३०० मिली पाणी होतं. तुम्ही पहिल्या दोन द्रावणांचे ४ मिली घातले तेव्हा ४ मिली पाणी, त्यातल्या ऑक्सिजनसकट, बाहेर सांडलं. म्हणजे आता बाटलीतल्या ३०० मिलीमध्ये नमुना फक्त २९६ मिली. २०० मिली नमुन्यातलं आयोडीन हवं तर

```
200 × 300 / 296 = 202.7
```

म्हणून २०३ मोजायचे आणि सूत्रात २०० लिहायचे. सूत्रातही २०३ लिहिलं तर दुरुस्ती वाया जाते. आणि ०.०२५ N थायोसल्फेट अचूक असेल तर १ मिली म्हणजे बरोबर १ मिग्रॅ/लिटर होतं, म्हणूनच ही जोडी सगळीकडे ठेवलेली असते.

सोनचाफा
मग आम्लाचे २ मिली का धरत नाही? तेव्हाही पाणी सांडतंच की.

ब्युरेटवाली
चांगला प्रश्न. तोवर ऑक्सिजन साक्यात बांधला जाऊन तळाशी गेलेला असतो. आम्लाने सांडतं ते वरचं नितळ पाणी, त्यात आपल्या कामाचं काही नसतं. म्हणूनच साका नीट बसेपर्यंत थांबायला सांगतात. गढूळ असतानाच आम्ल घातलं तर थोडा साका पाण्याबरोबर जातो आणि आकडा कमी येतो.

काही ठिकाणी प्रत्येकी २ च्या ऐवजी १ मिली द्रावण वापरतात, तिथे २०३ च्या जागी २०१ घ्या. आणि बाटलीवर नेमकं आकारमान कोरलेलं असतं, ३०० ऐवजी ते वापरलंत तर आणखी चांगलं.

पाणवठा_११
पण ८.३ सुद्धा ७.९७ च्या वरच आहे ना? सर पुन्हा परत देतील.

जुना_ब्युरेट
उलट तफावत आणखी आहे. तो तक्ता समुद्रसपाटीचा. पुणं साधारण ५६० मीटरवर, हवेचा दाब जवळजवळ साडेसहा टक्के कमी. त्यामुळे तुमच्या तळ्याला २७ अंशाची संपृक्तता ७.४ च्या आसपास धरा. ८.३ म्हणजे ११२ टक्के. साडेअकराच्या उन्हात हिरव्या तळ्यासाठी अशक्य नाही.

मात्र बादलीतून भरलं हे मला खटकतं. बादलीत ओतताना पाणी हवेशी ढवळतं आणि ७.४ कडे सरकतं. पाणी आधीच त्याच्या वर असेल तर बादलीने ऑक्सिजन कमी केला असणार, म्हणजे तळ्यात ८.३ पेक्षाही जास्त असेल.

सोनचाफा
किंवा तापमानच चुकलं असेल. बादली उन्हात होती का? पाणी प्रत्यक्षात २४ अंशाचं असेल तर संपृक्तता वर जाते.

जुना_ब्युरेट
२४ अंश धरले तरी समुद्रसपाटीला ८.४२, पुण्याला साधारण ७.८५. तरी ८.३ वरच राहतो. पण मुद्दा योग्य, तापमान बाटली भरतानाच, तळ्यातच घ्यायला हवं.

माझा संशय आयोडाइडवर आहे. द्रावण जुनं असेल आणि त्यात आयोडेट असेल तर आम्ल घातल्यावर फुकटचं आयोडीन मिळतं. तपासा: १०० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात २ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड, वर २ मिली सल्फ्युरिक, मग स्टार्च. फ्यूम हूडखालीच करा.

पाणवठा_११
केलं. निळं झालं नाही.

ब्युरेटवाली
मग आयोडाइड संशयातून सुटलं. माझं मत शेवाळ. पण हे बोलून ठरवण्याऐवजी त्याच जागेचं पाणी सूर्योदयापूर्वी आणि दुपारी, थेट नळीने बाटलीत, बादली न वापरता घ्या. पहाटे आकडा बराच खाली आला तर तळंच वर-खाली होतंय. पहाटेही आठाच्या वर राहिला तर तुमच्या कृतीत अजून काहीतरी आहे.

पाणवठा_११
पहाटे लॅब उघडी नसते. तळ्यावरच मँगनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड घालून बाटल्या आणल्या तर?

ब्युरेटवाली
आणा. साका बसलेल्या बाटलीत ऑक्सिजन बांधला गेलेला असतो. बुचाभोवती पाण्याचा थर राहू द्या, अंधारात आणि गार ठेवा, त्याच दिवशी काही तासांत आम्ल घालून टायट्रेट करा.

जुना_ब्युरेट
मी तर तळ्यावरच आम्लही घालतो. प्रवासात बूच सैल झालं तर साका नवा ऑक्सिजन पकडतो, आम्ल घातलेलं मँगनीज पकडत नाही.

ब्युरेटवाली
पण मग मोकळं आयोडीन बाटलीत तासन् तास राहतं. ते उडतं, आणि पाण्यातलं सेंद्रिय काही असेल तर त्यालाही लागतं. हिरव्या तळ्याच्या पाण्याला मी तसं करणार नाही. दोन बाटल्या दोन्ही पद्धतींनी आणून फरक बघा, पाणवठा.

जुना_ब्युरेट
मान्य, चार बाटल्या आणा, दोन-दोन.

आणि उरलेलं अझाइडचं द्रावण सिंकमध्ये ओतू नका. आम्लात अझाइडचा विषारी वायू सुटतो, आणि तांब्या-शिशाच्या नळांत अझाइड साचून स्फोटक होतं. प्रात्यक्षिक संपल्यावर लॅब असिस्टंटच्या कचऱ्याच्या बाटलीत द्या, वर नाव लिहून.